चित्रफितीतला खेळ : लेखांक ५ – कोण कोणाच्या संघातला?

गेल्या आठवड्यात आपण खेळाडूभोवतीच्या चौकटीपर्यंत आलो होतो. माणूस शोधणारं प्रारूप प्रत्येक चित्रचौकटीत ‘इथे एक माणूस आहे’ असं सांगतं आणि त्याच्याभोवती आयत आखून देतं. पण त्याच्या लेखी बचावपटू, पंच, गोलरक्षक आणि सीमारेषेबाहेर पाण्याची बाटली घेऊन उभा असलेला मदतनीस हे सगळे सारखेच. सामन्याचं कुठलंही विश्लेषण करायचं, तर आधी संघ वेगळे करावे लागतात. चेंडू कोणाकडे होता हा साधा प्रश्नसुद्धा त्याशिवाय सुटत नाही.

इथे फुटबॉलचा नियम आपल्या बाजूने आहे. खेळाच्या नियमावलीतला चौथा नियम पोशाखाचा. दोन्ही संघांचे रंग एकमेकांपासून आणि पंचांपासून वेगळे ओळखू यायला हवेत, आणि गोलरक्षकाचा रंग इतर सगळ्या खेळाडूंपेक्षा व पंचांपेक्षा निराळा हवा, असं तो सांगतो. म्हणजे फरक जर्सीवर आहेच, आपल्याला तो फक्त वाचायचा आहे. (कसोटी क्रिकेटमध्ये दोन्ही संघ पांढऱ्यात, त्यामुळे तिथे आजचा लेख बाद.) शिवाय कोणत्या संघाचा कोणता रंग हे संगणकाला आधी सांगायचीही गरज नाही. वीसेक खेळाडूंच्या छातीचे रंग काढायचे आणि त्यांचे आपोआप दोन गट पडू द्यायचे. दर सामन्याला जर्सी बदलली तरी पद्धत तीच.

एफसी गोवाची नारिंगी आणि मुंबई सिटीची आकाशी जर्सी समोरासमोर असेल, तर हे काम दहा ओळींत होतं आणि त्यावर लिहिण्यासारखं फारसं उरत नाही. म्हणून मी मुद्दाम अवघड उदाहरण घेतो : कोलकात्याची डर्बी. मोहन बागानचा पोशाख हिरवा-मरून, ईस्ट बंगालचा लाल-पिवळा. रचना हंगामागणिक बदलते, कधी उभे पट्टे, कधी अर्धाअर्धा भाग, पण रंगांच्या जोड्या कायम. एका संघाच्या अंगावर गवताचा रंग, आणि दोन्ही संघांच्या अंगावर लालाची कुठली ना कुठली छटा. ढोबळ पद्धतीचे सगळे दोष इथे उघडे पडतात.

आधी चौकटीतला कोणता भाग घ्यायचा ते पाहू. १९२० बाय १०८० च्या प्रक्षेपणात मुख्य कॅमेऱ्यातून दिसणारा खेळाडू समजा ९० बिंदू उंच आणि ३६ बिंदू रुंद आहे. पूर्ण चौकट घेतली तर तिच्यात केस, त्वचा, चड्डी, मोजे आणि भरपूर गवत येतं. वरचा पाचवा हिस्सा डोक्याचा म्हणून सोडायचा, निम्म्या उंचीच्या खालचं सगळं सोडायचं, आणि रुंदीतला फक्त मधला अर्धा भाग ठेवायचा, कारण धावताना हात बाजूला जातात आणि चौकट त्यांच्यामुळे रुंदावते. हाती येतात २७ ओळी आणि १८ स्तंभ, म्हणजे ४८६ बिंदू. घसरून चेंडू काढणारा खेळाडू आडवा असतो. त्याच्या चौकटीत छाती या ठिकाणी नसतेच. म्हणून उंचीपेक्षा रुंद असलेली चौकट रंगासाठी वापरायचीच नाही.

४८६ हा आकडा मात्र फसवा आहे. प्रक्षेपणाची चित्रफीत साठवताना उजेड प्रत्येक बिंदूचा साठवला जातो, पण रंग दोन बाय दोनच्या चार बिंदूंना मिळून एकच. या पद्धतीला ४:२:० म्हणतात. तेव्हा रंगाचे खरे नमुने साधारण १२० च, आणि जर्सीच्या कडेला गवताचा हिरवा आत झिरपलेला. दूरच्या बाजूचा खेळाडू याच्या निम्म्या उंचीचा असला, तर नमुने तिशीवर येतात. लांबच्या खेळाडूंचे रंग मळकट आणि एकसारखे दिसतात, त्यात कॅमेऱ्याइतकाच या काटकसरीचाही हात असतो. म्हणून गट पाडताना जवळच्या, मोठ्या चौकटी वापराव्यात आणि लांबच्यांना नंतर तयार गटांत बसवावं.

आता गवत. छातीचा मधला भाग घेतला तरी काखेतून, खांद्यापलीकडून थोडं गवत येतंच. ते काढून टाकायचा प्रचलित मार्ग म्हणजे रंगछटेची चाळणी. ओपनसीव्ही या संगणकीय ग्रंथालयात रंगछटा ० ते १७९ अशी मोजतात, आणि अनेक तयार नमुन्यांत ३५ ते ८५ या पट्ट्यातलं सगळं गवत समजून वगळलेलं असतं. डर्बीत हे केलं तर काय होईल? समजा बागानचा गडद हिरवा लाल-हिरवा-निळा अशा मोजणीत (०, १००, ६०) आहे. त्याची छटा ७८ येते. ती चाळणीत बरोबर सापडते आणि गवताबरोबर अर्धी जर्सी उडून जाते. उरतो फक्त मरून, जो समोरच्या लालाचा सख्खा शेजारी. अशा वेळी गट चुकीचे का पडताहेत हे कळायला बराच वेळ लागतो, कारण प्रत्येक पायरी एकेकटी बघितली तर बरोबरच वाटते.

उपाय सोपा आहे. गवताची छटा पुस्तकातून न घेता त्याच चित्रावरून मोजायची. मुख्य कॅमेऱ्याच्या दृश्यात सर्वांत जास्त जागा गवताचीच असते, त्यामुळे छटांचा आलेख काढला की सर्वांत उंच शिखर गवताचं. गवत (९०, १३०, ५०) असेल तर छटा ४५ येते. तिच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा सोडून ३५ ते ५५ एवढंच वगळलं, की ७८ वरची जर्सी शाबूत राहते. अर्थात छाती नीट कापली असेल तर ही चाळणी लावलीच पाहिजे असं नाही. मी तर ती शक्यतो टाळतो; थोडं गवत सगळ्यांच्याच वाट्याला सारखं येतं आणि गट पाडताना त्याचा फारसा त्रास होत नाही.

यानंतर बहुतेक जण एक पायरी डोळे मिटून करतात : छातीच्या सगळ्या बिंदूंची सरासरी. एकरंगी जर्सीला ती चालते. दुरंगी जर्सीला सरासरी काढणं म्हणजे हिरवी आणि लाल चटणी एकत्र कालवून मग चव विचारणं. हिशेब करून पाहू. बागानचा हिरवा (०, १००, ६०) आणि मरून (१२०, १०, ४०) यांची सरासरी (६०, ५५, ५०), म्हणजे एक मातकट करडा रंग, जो मैदानावर कोणीच घातलेला नाही. ईस्ट बंगालचा लाल (२००, २०, ४०) आणि पिवळा (२४०, १९०, ३०) यांची सरासरी (२२०, १०५, ३५). या दोन सरासऱ्यांमधलं अंतर १६८ येतं. अंतर दणदणीत आहे, दोन संघ व्यवस्थित वेगळे पडतात, आणि इथेच माणूस निश्चिंत होतो.

आता काळ्या पोशाखातला पंच घ्या, (३०, ३०, ३५). ईस्ट बंगालपासून त्याचं अंतर २०४, पण बागानच्या मातकट सरासरीपासून फक्त ४२. पंच सरळ बागानच्या गटात जातो. ‘मग फार दूरच्यांना गटाबाहेर ठेवू’ असं म्हणाल, तर तेही जमत नाही. अर्ध्याअर्ध्या रंगांची जर्सी घातलेला बागानचा एखादा खेळाडू कुशीवर वळला आणि कॅमेऱ्याला त्याची मरून बाजूच दिसली, तर त्याचं आपल्याच संघाच्या सरासरीपासूनचं अंतर ७६ भरतं. पंच ४२ वर, हक्काचा खेळाडू ७६ वर. पंचाला बाहेर काढणारी कुठलीही रेषा आखा, हा खेळाडू आधी बाहेर जाईल.

म्हणून एका रंगाऐवजी रंगांची वाटणी जपायची. प्रत्येक बिंदूची छटा, गडदपणा आणि उजळपणा पाहून त्याला एका कप्प्यात टाकायचं आणि शेवटी कोणत्या कप्प्यात किती टक्के बिंदू पडले ते लिहून ठेवायचं. छटेचे बारा, गडदपणाचे तीन, उजळपणाचे तीन कप्पे पुरतात. त्यात एक खाच आहे. छटा हे वर्तुळ आहे. १७९ नंतर पुन्हा शून्य येतं, आणि लाल रंग नेमका या सांध्यावर बसतो. लालाची एक छटा १७७ आणि दुसरी ३ असेल, तर डोळ्याला दोन्ही लालच, पण त्यांची सरासरी ९० म्हणजे निळसर हिरवी. कप्पे केले तरी लाल दोन टोकांच्या कप्प्यांत फाटतो. मोजणी दहा घरं पुढे सरकवली की १७२ वरचा मरून, १७७ वरचा लाल आणि ३ वरचा लाल असे सगळे पहिल्याच कप्प्यात येतात.

```python
h, w = box.shape[:2]
t = box[int(.20*h):int(.50*h), int(.25*w):int(.75*w)]
hsv = cv2.cvtColor(t, cv2.COLOR_BGR2HSV)
hsv[..., 0] = (hsv[..., 0] + 10) % 180
hist = cv2.calcHist([hsv], [0, 1, 2], None,
                    [12, 3, 3], [0, 180, 0, 256, 0, 256])
x = np.sqrt(hist / hist.sum()).ravel()
```

शेवटच्या ओळीतलं वर्गमूळ उगाच नाही. टक्केवारी तशीच ठेवली तर एखादा भरलेला कप्पा बाकीच्यांना दाबून टाकतो. वर्गमूळ घेतलं की तो जोर कमी होतो आणि दोन खेळाडूंमधलं अंतर नेहमी ० ते १.४१ या पट्ट्यातच राहतं : एकही कप्पा सामाईक नसेल तर १.४१, तंतोतंत सारखे असतील तर शून्य. हाच हिशेब आता पुन्हा करू. काळ्या पोशाखातला पंच फिक्या, अंधाऱ्या कप्प्यात जातो, जिथे दुसरं कोणीच नाही. बागानपासून त्याचं अंतर १.४१. कुशीवर वळलेल्या खेळाडूचा मरून मात्र संघाच्या मरूनशी जुळतो, म्हणून त्याचं अंतर ०.७७. आता एकच्या आसपास रेषा आखली की पंच बाहेर आणि खेळाडू आत.

गट पाडायचं काम के-मीन्स करतं. बेल प्रयोगशाळेत स्टुअर्ट लॉइड यांनी ही रीत १९५७ मध्ये मांडली, पण छापली गेली १९८२ मध्ये. दरम्यान १९६७ मध्ये जेम्स मॅक्वीन यांनी तिला हे नाव दिलं. दोन केंद्रं निवडायची, प्रत्येक खेळाडूला जवळच्या केंद्राकडे पाठवायचं, मग प्रत्येक केंद्र आपापल्या खेळाडूंच्या मध्यावर सरकवायचं, आणि कोणी जागा बदलेनासं होईपर्यंत हे चालू ठेवायचं. गणित एवढंच. तुम्ही दोन गट मागितले की ते दोन गट देणारच, मग समोर दोन संघ असोत वा नसोत. एका संघाचे आठ खेळाडू, पंच आणि गोलरक्षक एवढेच दृश्यात असतील, तरी ते दोन गट करून मोकळं होईल.

त्यामुळे एकाच चित्रावर गट पाडू नयेत. सामन्याच्या सुरुवातीच्या दोनेक मिनिटांतून सेकंदाला एक चित्र घ्यायचं, त्यातल्या मोठ्या, सुट्या चौकटींच्या छात्या गोळा करायच्या आणि त्या हजारभर नमुन्यांवर एकदाच केंद्रं ठरवायची. पुढे सामनाभर नवीन काही शिकवायचं नाही, फक्त जवळचं केंद्र विचारायचं. दर दृश्याला नव्याने गट पाडले, तर आणखी एक गंमत होते. गटांना नावं नसतात, ते नुसते ० आणि १ असतात. कॅमेरा बदलला, गट पुन्हा पाडले, आणि मघाचा शून्य आता एक झाला. आलेखात मग दोन्ही संघ दर थोड्या वेळाने एकमेकांचे गोल राखताना दिसतात.

पंच आणि गोलरक्षक यांच्यासाठी दोनाऐवजी पाच गट मागावेत, असा मोह होतो. मी तो टाळावा असं म्हणेन. हजार नमुन्यांत गोलरक्षकाचे जेमतेम तीस-चाळीस असतात. एवढ्याशा पुंजक्यासाठी वेगळं केंद्र करण्याऐवजी के-मीन्स बहुधा एखाद्या संघाचेच उन्हातले आणि सावलीतले असे दोन तुकडे करतं. गट दोनच ठेवावेत, आणि ज्याचं जवळच्या केंद्रापासूनचं अंतरही मोठं आहे त्याला ‘अनिर्णित’ म्हणावं.

आता सावली. वर हिशेब बरोबर जुळला, कारण मरून मध्यम उजेडाच्या कप्प्यात होता आणि लाल उजळ कप्प्यात. प्रकाशझोतातल्या रात्रीच्या सामन्यात हे टिकतं. दुपारी मात्र स्टँडची सावली मैदानावर पडते, आणि सावलीत शिरलेला ईस्ट बंगालचा खेळाडू निम्म्या उजेडाचा होतो. त्याचा लाल (२००, २०, ४०) वरून (१००, १०, २०) वर येतो, म्हणजे मरूनच्याच कप्प्यात. पिवळाही उजळ कप्प्यातून मध्यम कप्प्यात उतरतो. परिणाम असा की आपल्याच संघाच्या उन्हातल्या केंद्रापासून तो १.४१ दूर जातो आणि बागानपासून मात्र १.० वर येतो. सावलीची रेषा ओलांडताच खेळाडू संघ बदलतो. हा बिघाड ओळखायची खूण म्हणजे त्याची जागा : चुका मैदानभर विखुरलेल्या नसतात, एका सरळ रेषेच्या एकाच बाजूला साठतात.

तेव्हा दुपारच्या सामन्यासाठी उजळपणाचे कप्पे काढून टाकायचे आणि अगदी काळ्या बिंदूंसाठी एक वेगळा कप्पा ठेवायचा. याची किंमतही मोजावी लागते. मरून आणि लाल आता एकाच कप्प्यात येतात, दोन संघांमधलं अंतर १.४१ वरून १.० वर उतरतं, आणि फक्त मरून बाजू दाखवणारा खेळाडू दोन्ही केंद्रांपासून सारखाच, ०.७७ वर उभा राहतो. त्याला ‘अनिर्णित’ ठेवण्यावाचून गत्यंतर नाही. तरी हा सौदा मला परवडणारा वाटतो. चुकीच्या उत्तरापेक्षा ‘माहीत नाही’ हे उत्तर पुढच्या पायरीत दुरुस्त करता येतं.

उजेड आणि छटा यांच्या या ओढाताणीचा एक जुना किस्सा आहे. १९७८ च्या विश्वचषकात अर्जेंटिनातल्या मार देल प्लाता इथे फ्रान्स आणि हंगेरी समोरासमोर आले, तेव्हा दोन्ही संघांनी पांढऱ्याच जर्सी आणल्या होत्या. त्या काळी अनेक घरांत कृष्णधवल दूरचित्रवाणी संच होते, म्हणून एक संघ फिक्या आणि एक गडद पोशाखात असावा यावर आयोजकांचा कटाक्ष असे, आणि त्या बदलाबदलीच्या निरोपांत हा घोळ झाला. शेवटी किंबर्ली या स्थानिक क्लबाकडून हिरव्या-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांच्या जर्सी मागून आणल्या आणि फ्रान्स त्या घालून खेळला. कृष्णधवल पडद्यावर आपले फक्त उजळपणाचे कप्पे उरतात, छटेचे बारा कप्पे गायब. तिथे लाल आणि मरून वेगळे दिसतील, पण सारख्याच उजळपणाचे लाल आणि हिरवे एक होतील. आपण दुपारी उलटा सौदा करतो, इतकंच.

‘अनिर्णित’ची दुरुस्ती मागोवा करतो. लेखांक ४ मध्ये पाहिलं तसं, प्रत्येक खेळाडूला चित्रामागून चित्रात एक क्रमांक चिकटलेला असतो. सेकंदाला २५ चित्रं आणि चार सेकंदांचा मागोवा, म्हणजे त्याच माणसाच्या शंभर छात्या. चार सेकंदांत खेळाडू वळतो, थांबतो, दुसरी बाजू दाखवतो. शंभरपैकी चाळीस अनिर्णित, ५५ बागान आणि पाच ईस्ट बंगाल आले, तर निकाल स्पष्ट आहे. प्रत्येक चित्राचा वेगळा निकाल देऊन मते मोजण्यापेक्षा मला शंभर छात्यांचे कप्पे बेरजेने एकत्र करून एकदाच केंद्र विचारणं बरं वाटतं, कारण मरून बाजू आणि हिरवी बाजू मग एकाच हिशेबात येतात. फक्त कोपऱ्यातल्या फटक्याच्या गर्दीत जपावं. दोन चौकटी एकमेकींवर चढल्या असतील, तर मागच्याच्या चौकटीत पुढच्याची छाती येते. अशा चित्रांतले रंग बेरजेत घेऊ नयेत. कबड्डीत तर पकड झाली की चार-पाच जण एकावर एक असतात. तिथे पकडीच्या आधीचा रंग जपून ठेवणं हाच मार्ग.

काम नीट झालंय की नाही, हे आकड्यांआधी डोळ्यांनी बघावं. प्रत्येक गटातल्या दोनशे छात्या टपाल तिकिटांसारख्या एका पानावर मांडल्या, की चूक काही सेकंदांत दिसते : हिरव्या-मरूनच्या पानावर काळे ठिपके म्हणजे पंच, अंधारलेले लाल-पिवळे म्हणजे सावली. मग दोन आकडे. एकाच मागोव्यात निकाल किती वेळा उलटला. माणूस धावता धावता संघ बदलत नाही, त्यामुळे उलटापालट जास्त दिसली की एक तर रंगात गडबड आहे किंवा मागोव्याने दोन खेळाडूंची अदलाबदल केली आहे. आणि एका चित्रात एका गटात किती जण. दहापेक्षा जास्त मैदानी खेळाडू दिसले, तर कोणीतरी परका घुसला आहे.

राहता राहिले गोलरक्षक. त्यांचा रंग नियमानेच आपल्या संघापेक्षा वेगळा, म्हणून छातीकडे कितीही बघितलं तरी ते कोणाचे हे कळणार नाही. बऱ्याच ठिकाणी दोन्ही संघांच्या खेळाडूंची सरासरी जागा काढून, गोलरक्षक जिच्या जवळ त्या संघाचा, असं ठरवतात. मोकळ्या खेळात हे चालतं. पण बागानला कोपऱ्यातला फटका मिळाला, की त्यांचे सात-आठ जण समोरच्या गोलरक्षकाला वेढून उभे राहतात, आणि तो क्षणभर त्यांचा होऊन जातो. त्यापेक्षा एका अर्धात कोणता संघ कोणत्या बाजूचा गोल राखतो हे एकदाच ठरवावं, आणि मध्यंतरानंतर उलटवावं. त्यासाठी गोलरक्षक पडद्यावर कुठे आहे हे पुरत नाही, मैदानावर कुठे आहे ते कळावं लागतं. पडद्यावरच्या बिंदूवरून मैदानावरची जागा कशी काढतात, त्यासाठी दंडक्षेत्राच्या रेषा कशा कामाला येतात, हे पुढच्या लेखांकात.